पावतीच्या पाठीमागे

दूध तापायला ठेवून बाईंनी लेकीच्या दप्तराची चेन लावली, खिडकीतली रोपटी आत ओढली आणि ओट्याशी परत आल्या तेव्हा दुधावर नुकती साय धरू लागली होती. शेजारच्या शेगडीवर चहाचे पाणी उकळत होते. नवरा खुर्चीत बसून बुटांची नाडी बांधत होता. त्याचे चष्म्यांचे दुकान शाळेच्या बरेच नंतर उघडे, पण घरातली सगळी माणसे उठून कामाला लागली असताना आपण लोळत पडावे हे त्याला कधी जमले नाही. लेक सातवीत होती. एका हाताने वेणी धरून आणि दुसऱ्या हाताने कप धरून ती काहीतरी सांगत होती, आणि जे सांगत होती ते कोणी ऐकत नाही याची तिला फिकीर नव्हती.

“आई, वर्गाच्या बाईंनी विचारलंय, या वेळची पावती तरी वेळेवर मिळेल ना?”

“कसली पावती?”

“परिपत्रकाची गं. मागच्या वेळेला सगळ्या वर्गात फक्त माझीच राहिली होती. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘ज्यांची आई शाळेतच आहे त्यांचंच घर सगळ्यात लांब दिसतंय.’ सगळे हसले.”

नवराही हसला. “बरोबर आहे त्यांचं. तुझी आई दुसऱ्यांचे कागद इतके वाचते, की स्वतःच्या घरचा कागद समोर आला की डोळे मिटते.”

“तुम्ही का नाही केली सही?” बाईंनी विचारले.

“मला विचारलं कुणी? या घरात कागद आला की तो आधी तुझ्याकडे तपासायला जातो. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा मला तुझ्यानंतर वाचायला मिळते.”

ते खरेच होते. छापलेले काहीही हाती आले की बाईंची नजर ओळीखाली बोट ठेवल्यासारखी चालू लागे. शाळेत त्या मराठी शिकवीत, आणि शाळेतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या डोळ्यांखालून जाई. हे काम त्यांना कोणी नेमून दिले नव्हते. आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि ते आपोआप त्यांच्या टेबलावर येऊन बसले. आता ते त्यांना आवडत असे. वर्गात शिकवलेले कुठे रुजते आणि कुठे वाहून जाते याचा पत्ता लागत नाही; तपासलेला कागद मात्र संध्याकाळपर्यंत तपासून होतो.

आजचा दिवस नेहमीपेक्षा थोडा वेगळा होता. उद्यापासून शाळेला सुट्टी लागत होती, आणि मुख्याध्यापिका, ज्यांना सारी शाळा मोठ्या बाई म्हणे, परीक्षा मंडळाच्या प्रशिक्षणाला दिवसभर बाहेर होत्या. तिथे सभागृहात जाण्याआधी सगळ्यांचे फोन बाहेर ठेवून घेत. सर्वांत जुन्या म्हणून आजची शाळा मराठीच्या बाईंच्या हाती होती. फार काही करायचे नव्हते. परिपत्रक छापून, शेवटच्या तासाला मुलांच्या हाती द्यायचे होते, इतकेच.

शाळेचे कार्यालय जिन्याखाली होते. त्याला एकच खिडकी, आणि त्या खिडकीत फी भरणाऱ्या पालकांसाठी कापलेले अर्धगोल भोक. आत दोन टेबले, कपाटांची एक रांग आणि कोपऱ्यात कापडाने झाकलेले, प्रती काढायचे यंत्र. त्या यंत्राजवळचे टेबल भाऊसाहेबांचे. लेखनिकाला शाळेत भाऊसाहेब म्हणायची पद्धत होती. हे भाऊसाहेब मात्र वयाने चाळिशीतले आणि नोकरीने नवे होते. आधी ते एका छापखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा ते या शाळेत तात्पुरते म्हणून लागले, आणि तात्पुरतेपणाचे हे त्यांचे दुसरे वर्ष होते.

त्यांना कायम करायचे की नाही ते सुट्टीनंतर संस्थेच्या सभेत ठरणार होते, आणि संस्था मोठ्या बाईंच्या शब्दावर चालत असे. मोठ्या बाईंचे मत तसे वाईट नव्हते. पण गेल्या महिन्यात क्रीडास्पर्धांची सूचना छापताना भाऊसाहेबांकडून कागद यंत्रात उलटे गेले, आणि मागची बाजू डोके खाली करून छापली गेली. ती तशीच वाटली गेली. एका पालकाने खिडकीशी येऊन विचारले, “स्पर्धा काय, शीर्षासनाच्या आहेत का?” ते मोठ्या बाईंच्या कानावर गेले. त्या ओरडल्या नाहीत. ओरडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. एवढेच म्हणाल्या, “भाऊसाहेब, शाळेचा कागद म्हणजे शाळेचं तोंड. पुन्हा असं उलटंसुलटं दिसलं, तर संस्थेपुढे तुमचं नाव ठेवताना मला अवघड होईल. सुट्टीआधीचं परिपत्रक निघेल ना, तेच मी सभेत घेऊन जाईन. बघू द्या त्यांना तुमचं काम.”

बाई कार्यालयात शिरल्या तेव्हा भाऊसाहेब यंत्रावरचे कापड घडी करीत होते.

“आलात? बसा. शाई छान सुकलीय,” ते म्हणाले, आणि कागदांच्या ढिगाकडे बोट दाखवले. पहिली बाजू त्यांनी काल संध्याकाळीच छापून ठेवली होती. ओल्या शाईवर लगेच दुसरी बाजू छापली तर यंत्राचे रूळ शाई पुसून नेतात, म्हणून पाठपोट कागदाला एक रात्र वाळू द्यायचे हा त्यांचा छापखान्यापासूनचा नेम.

पहिल्या बाजूवर शाळेचे नाव, बोधचिन्ह, पत्ता, जावक क्रमांक आणि तारीख, मग फीच्या दुसऱ्या हप्त्याची माहिती, मग सुट्ट्यांची यादी, आणि तळाशी ठिपक्यांच्या रेघेखाली पोचपावती: ‘परिपत्रक मिळाले, वाचले’, पाल्याचे नाव, इयत्ता, पालकाची सही. ती कापून वर्गशिक्षकांकडे द्यायची. पावत्यांबाबत मोठ्या बाई फार काटेकोर होत्या. आम्हाला कळलेच नाही, असे म्हणणाऱ्या पालकापुढे त्या शांतपणे त्याच्याच सहीचा तुकडा ठेवीत.

दुसऱ्या बाजूवर माथ्याशी पुन्हा शाळेचे नाव-पत्ता, आणि खाली पाचवी ते आठवीच्या परीक्षांचे वेळापत्रक. ते परीक्षा विभागाकडून उशिरा आले, म्हणून त्याचे शेवटचे वाचन आज होते. काल संध्याकाळी जाण्यापूर्वी मोठ्या बाईंनी त्यावर सही करून बजावले होते, “बाईंनी चूक नाही म्हटलं की छापा. चूक निघाली तर थांबवा. पण माझ्या सहीनंतर अक्षर हलवायचं नाही.” या नियमालाही कारण होते. एकदा कोणीतरी सहीनंतर एक ओळ सुधारायला गेले आणि त्या नादात त्याच्या खालची ओळच नाहीशी झाली होती.

“हं, वाचा,” बाईंनी पट्टी ओळीखाली धरली.

वाचायची त्यांची रीत ठरलेली होती. भाऊसाहेब परीक्षा विभागाचा हाताने लिहिलेला मसुदा मोठ्याने वाचत, विरामचिन्हांसकट. आणि बाई जुळवलेल्या कागदावर नजर ठेवीत. भाऊसाहेबांचा आवाज छापखान्यात घडलेला होता. त्यात चढ नव्हता, उतार नव्हता, कुठल्याच शब्दावर जोर नव्हता, कारण वाचणाऱ्याने अर्थ सांगायला सुरुवात केली की ऐकणाऱ्याचे डोळे अक्षर सोडून अर्थ पाहू लागतात.

“इयत्ता सहावी, नवी ओळ, सोमवार, स्वल्पविराम, मराठी, कंस सुरू, लेखी, कंस पूर्ण…”

“सोमवार. बरोबर.” बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख आणि वार जुळवून पाहिला. गेल्या वर्षीच्या कागदावर नव्या तारखा बसवल्या की वार तसेच राहून जातात. काल पहिल्या वाचनात असा एक वार सापडला होता. तो अक्षरजुळणी करणाऱ्याने मोठ्या बाईंच्या सहीआधीच बसून दुरुस्त केला आणि कागद देऊन तो सुट्टीसाठी गावाला गेला. आज त्या दुरुस्तीच्या वरच्या आणि खालच्या ओळी बाईंनी दोनदा पाहिल्या.

“शेजाऱ्यांची चौकशी चाललीय?” भाऊसाहेब म्हणाले.

“एकाच्या घरात रंगकाम काढलं की डाग शेजारच्या भिंतीवर पडतात.”

“आमच्याकडे छापखान्यात एक म्हातारबाबा होते. ते दुरुस्त केलेली ओळ बघायचेच नाहीत. म्हणायचे, ती आता शहाणी झाली, तिच्या आजूबाजूच्या बघा.”

शेवटी त्यांनी आकडे तेवढे खालून वर वाचले, म्हणजे ओघात डोळे फसायला नकोत. काहीही निघाले नाही. बाईंनी कोपऱ्यात लिहिले, ‘तपासले, छापण्यास हरकत नाही’, आणि सही केली. त्यांना बरे वाटले. चुकीविना असलेल्या कागदाला स्वतःचा असा एक शांतपणा असतो, असे त्यांना नेहमी वाटे, आणि तो आज त्या जिन्याखालच्या खोलीत उतरला होता.

भाऊसाहेबांनी मूळ प्रत काचेवर ठेवली, काल छापलेला एक कागद यंत्रात घातला आणि नमुना म्हणून एकच प्रत काढली. बाईंनी ती उजेडात धरली. अक्षर ठसठशीत, समास सारखे.

“सुंदर,” त्या म्हणाल्या. “ही माझ्याकडे राहू दे. आज माझी पावती वर्गात सगळ्यांत आधी जाणार आहे. घरच्यांनी फार अब्रू घेतलीय माझी.”

त्यांनी तिथेच टेबलावर वाकून लेकीचे नाव लिहिले, सही केली, ठिपक्यांच्या रेघेवर पट्टी दाबून पावती सरळ फाडली आणि भाऊसाहेबांकडे दिली. “घ्या. सातवीच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवा. आणि त्या बाईंना सांगा, लांबच्या घरातून आलीय म्हणावं.”

मग लेकीची परीक्षा केव्हा सुरू होते ते बघावे म्हणून त्यांनी उरलेला कागद उलटला. पाचवी होती. सहावीची पहिली ओळ होती, आणि तिथे कागद संपला होता.

क्षणभर त्यांना काही कळलेच नाही. त्यांनी कागद पुन्हा उलटला, पुन्हा पालथा केला. मग हात पुढे करून म्हणाल्या, “भाऊसाहेब, ती पावती बघू जरा.”

भाऊसाहेबांनी पावती उलटी केली. तिच्या पाठीवर सहावीचे उरलेले आणि सातवी-आठवीचे सगळे वेळापत्रक होते, वारांसकट, स्वल्पविरामांसकट, एकही चूक नसलेले.

“अरे देवा,” ते हळूच म्हणाले.

त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग बाईंना हसू आले, आणि ते लगेच विरले. काल त्यांनी पहिली बाजू वाचली होती, एका कोऱ्या पाठीच्या कागदावर. आज दुसरी वाचली, तीही कोऱ्या पाठीच्या कागदावर. भाऊसाहेबांनी वाचली, मोठ्या बाईंनी वाचली, परीक्षा विभागाने वाचली. प्रत्येकाने अक्षर अन् अक्षर पाहिले. कागदाला पाठ असते हे मात्र कुणाच्या ध्यानात आले नाही.

“असंच गेलं असतं तर?” भाऊसाहेब म्हणाले.

“तर सुट्टीनंतर सगळे पालक आज्ञाधारकपणे आपापल्या मुलांच्या तारखा कापून आपल्याला आणून देणार. आणि वर आपण त्यांच्या सह्या दाखवून म्हणणार, तुम्हाला कळवलं होतं.” बाई खुर्चीत बसल्या. “जुळणी बदलून घेता येईल का?”

“तो गावाला गेला. आणि मोठ्या बाईंची सही झालीय. अक्षर हलवायचं नाही.”

“पुढची बाजू तर छापूनच झालीय. वेगळ्या कागदावर छापायचं तर तेवढे कोरे कागदही नाहीत.”

“होय.” भाऊसाहेब यंत्राजवळ गेले. त्यांनी एक कोरा कागद उचलला, त्याच्याकडे पाहिले, आणि बोलायचे की नाही अशा विचारात तो बोटांनी दुमडत राहिले. “एक करता येतं, बाई. अक्षर न हलवता.”

“मग बोला की.”

“आपण पुस्तकाचं पान उलटतो तसं छापतोय. म्हणजे पुढच्या तळाच्या मागे मागचा तळ. तेच जर कॅलेंडरच्या पानासारखं छापलं, खालून वर उलटायचं, तर पुढच्या तळाच्या मागे मागचा माथा येतो. मागच्या माथ्यावर काय आहे? शाळेचं नाव, बोधचिन्ह, पत्ता.” त्यांनी पट्टी घेऊन मूळ प्रतीवर मोजले. “सगळं मिळून पावतीपेक्षा केसभर जास्तच आहे. वेळापत्रकाला धक्का लागत नाही. गठ्ठा यंत्रात ठेवताना फक्त तोंड फिरवायचं.”

बाईंनी तो कोरा कागद त्यांच्या हातून घेतला, त्यावर पेन्सिलने पुढे पावती आणि मागे नाव लिहून उलटून पाहिला. “अहो, हे तर झकास आहे! उलट पावतीच्या मागे शाळेचं नाव येईल ते वेगळंच. मग तुम्ही तोंड असं का करून बसलात?”

भाऊसाहेब हसले, पण ओठांपुरते. “पुस्तकासारखं पान उलटलं की काय दिसेल?”

बाईंनी तसे उलटून पाहिले. मागची बाजू डोके खाली करून उभी होती.

“शीर्षासन,” भाऊसाहेब म्हणाले.

आता बाईंना सगळे दिसले. गेल्या महिन्यात जे चुकून झाले, ते आज समजूनउमजून करायचे होते. आणि बघणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसणार नव्हता. हाच कागद संस्थेच्या सभेत हातोहात फिरणार होता. एखादा सभासद तो उलटेल, मान तिरकी करेल, आणि मोठ्या बाईंकडे पाहील.

“मोठ्या बाईंना फोन?”

“मघाशी दुसऱ्याच कामासाठी लावला होता. बंद आहे. संध्याकाळपर्यंत बंदच.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघा, भाऊसाहेब. मंजूर झालंय तसंच छापा. अगदी सरळ. मी आत्ता प्रत्येक वर्गात जाते आणि सहावी ते आठवीच्या तारखा फळ्यावर लिहून देते. मुलं वहीत उतरवून घेतील. पावती कापली तरी तारखा घरात राहतील. तुमच्यावर काही यायला नको.”

“तुम्ही माझ्यासाठी म्हणताय.”

“मी शाळेसाठीच म्हणतेय.”

“बाई, तुम्ही खोटं फार वाईट बोलता.”

“बरं, तुमच्यासाठी म्हणते. मग? दोन वर्षं कोणाच्या जिवावर हे कार्यालय चाललंय ते मला दिसत नाही का?” घंटा झाली. बाई उठल्या. “माझा सहावीवर तास आहे. तिथेच करून बघते. तोवर छापू नका. ठरवू परत आल्यावर.”

सहावीच्या वर्गात उद्याची सुट्टी आजच येऊन बसली होती. बाईंनी फळ्यावर वेळापत्रक लिहिले, वार, तारीख, विषय, सुबक अक्षरात, आणि म्हणाल्या, “वह्या काढा. जसंच्या तसं उतरवा. घाई नाही.”

मग त्या बाकांमधून फिरू लागल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने सुंदर चौकट आखली होती, शीर्षक रंगवले होते, आणि गणित विज्ञानाच्या तारखेला टाकले होते. तिच्या मागच्याने फक्त वार लिहिले होते. “तारखा?” “त्या लक्षात राहतात, बाई.” “मग वार का लिहिलेस?” “ते नाही राहत.” खिडकीजवळच्या दोघांपैकी एकाने फळ्यावरून उतरवले होते आणि दुसऱ्याने पहिल्यावरून; पहिल्याची एक ओळ सुटली होती, ती दुसऱ्याचीही सुटली होती. एकीने तळहातावर लिहिले होते.

“अगं, हात धुतल्यावर काय करशील?”

“सुट्टीत मी हात कमी धुते, बाई.”

वर्ग खदखदून हसला, बाईही हसल्या. पुष्कळांचे बरोबर होते. पण ज्यांचे चुकले होते त्यांनाही आपले बरोबर आहे अशीच खात्री होती, आणि त्यांच्या घरी ती वही बघून खात्री करून घ्यायला दुसरे काहीच असणार नव्हते. मुलांचा यात दोष नव्हता. उतरवून घेताना डोळे असेच पुढे धावतात. बाईंचे स्वतःचेही धावत, म्हणून तर त्या ओळीखाली पट्टी धरीत. ज्या घरातले आईबाप दिवसभर बाहेर राबतात, तिथे शाळेचा कागद दारामागे टाचून ठेवलेला असतो. तो खरा, असे धरून माणसे रजा मागतात, गावाला जायचे ठरवतात, बाळंतपणाला आलेल्या बहिणीला आधीच सांगून ठेवतात. अशा घराला आपण अर्धा कागद देणार, आणि उरलेला अर्धा मुलाच्या तळहातावर पाठवणार.

एका माणसाची नोकरी वाचवायला आपण निघालो होतो, हे काही वाईट नव्हते. पण वाचवायची ती चांगले काम करणाऱ्याची नोकरी. त्यासाठी त्याच्याच हातून वाईट काम करून घेणे त्यांना पटेना. तास संपता संपता त्यांचे ठरले. आता ते भाऊसाहेबांना कसे सांगावे, याची जुळवाजुळव करीत त्या जिना उतरल्या.

ती जुळवाजुळव वाया गेली. गठ्ठा यंत्राच्या तबकात ठेवलेला होता. बाईंनी वरचा कागद पाहिला. पावतीची बाजू आतल्या अंगाला वळवलेली होती.

“तोंड फिरवलंत?”

“फिरवून ठेवलंय. बटण दाबलेलं नाही,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी बाह्या दुमडल्या होत्या. “आजची शाळा तुमच्या हाती. तुमच्या सांगण्याशिवाय कसं दाबू?”

“आणि सभेत विचारलं तर?”

“मी विचार केला, बाई. आमच्या छापखान्यात बावीस प्रकारची कामं यायची. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं. पैशाचं काम, बिनपैशाचं काम, ओळखीचं काम. पण हा कागद वाचणाऱ्याच्या हातात गेल्यावर निकामी होणार, हे माहीत असताना छापलेला एकही कागद मला आठवत नाही. चुकून झालेले आठवतात, भरपूर. माहीत असून केलेला नाही. तो पहिला इथे करू?” ते थोडे थांबले. “घरी विचारलं. फोन केला मघाशी.”

“काय म्हणाल्या वहिनी?”

“म्हणाली, हे विचारायला फोन केलात? मला वाटलं डबा विसरलात.”

बाई मोठ्याने हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “छापा. मी सांगतेय म्हणून छापा. माझा शब्द आहे.”

भाऊसाहेबांनी नमुना काढला. बाईंनी पुस्तकासारखा उलटला: डोके खाली. कॅलेंडरसारखा उलटला: सरळ. पट्टी दाबून पावती फाडली. उरलेल्या कागदाच्या मागे पाचवीपासून आठवीपर्यंत सगळे वेळापत्रक शाबूत होते. गेले होते ते फक्त शाळेचे नाव, आणि ते पुढच्या बाजूला होतेच.

यंत्र सुरू झाले. एका लयीत कागद खाली पडू लागले. भाऊसाहेब मधून मधून एक उचलून उजेडात धरीत, आणि बाई समोरच्या टेबलावर बसून लिहू लागल्या.

त्यांनी सकाळचा तो फाडलेला नमुना घेतला, पावती आणि कागद शेजारी शेजारी ठेवून टाचणी लावली. त्याच्या खाली नवा नमुना, तोही तसाच फाडलेला. दोन्ही बघितले की समजवायला शब्द फारसे लागणार नव्हते. तरी त्यांनी एका कागदावर लिहिले:

‘मा. मुख्याध्यापिका यांस. मंजूर परिपत्रकातील एकही अक्षर बदललेले नाही. पोचपावती कापली असता इयत्ता सहावी ते आठवीच्या परीक्षांच्या तारखा तिच्यासोबत जात होत्या. ही गोष्ट दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचल्यामुळे माझ्या ध्यानात आली नाही. तसे होऊ नये म्हणून मागील बाजू जाणीवपूर्वक उलट दिशेने छापली आहे. ही युक्ती भाऊसाहेबांची. छापण्याचा आदेश प्रभारी म्हणून माझा. सोबत दोन नमुने. सभेत परिपत्रक दाखवताना कृपया दोन्ही दाखवावेत, आणि एक पावती सभासदांना स्वतःच फाडायला द्यावी.’

लिहून झाल्यावर त्यांनी ते सवयीने पहिल्यापासून वाचले. मग भाऊसाहेबांपुढे सरकवले.

“तुम्ही वाचा. स्वतःचं लिहिलेलं स्वतःला दिसत नाही.”

भाऊसाहेबांनी उभ्या उभ्याच वाचले. ‘ही युक्ती भाऊसाहेबांची’ या ओळीशी ते अंमळ रेंगाळले. “हे वाक्य काढलं तर चालेल?”

“नाही. तपासणाऱ्यानं चुका काढायच्या. खरं आहे ते काढायचं नाही.”

“बरं.” त्यांनी कागद परत दिला. “चूक नाही.”

बाईंनी सही केली. शेवटच्या तासाआधी भाऊसाहेबांनी वर्गवार गठ्ठे बांधले आणि प्रत्येक गठ्ठ्यावर वर्गशिक्षकांसाठी चिठ्ठी खोचली: पान खालून वर उलटावे, मुलांना तसे करून दाखवावे. शिपाईमावशी गठ्ठे घेऊन जिना चढल्या. वरून एका वर्गातून तिथल्या बाईंचा आवाज आला, “कॅलेंडरसारखं, रे. पुस्तकासारखं नाही”, आणि मग कागदांची मोठी फडफड.

मराठीच्या बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. टेबल नेहमीप्रमाणे स्वच्छ होते. टाचलेले नमुने आणि वर आपली चिठ्ठी त्यांनी मधोमध ठेवली, काचेचे वजन त्यावर ठेवले, पंखा बंद असल्याची खात्री केली आणि दार ओढून घेतले.